बाविसावी टीप

जालिंदर ठोंबरे मास्तरांना काही सांगायचं तर सांगणाऱ्याला आधी तयारी करून यावं लागे. "उद्या पाणी येणार नाही," इतकं साधं वाक्य कुणी बोललं तरी मास्तर चष्म्यावरून बघत विचारायचे, "कुणी सांगितलं?" समोरचा म्हणायचा, शेजारी बोलत होते. मास्तर म्हणायचे, "शेजाऱ्यांना कुणी सांगितलं?" तिथवर आलं की समोरचा बहुतेक निघून जायचा. पाणी मात्र ठरल्याप्रमाणे यायचं नाहीच, कारण सोलापूरचं पाणी कुणाचे दाखले मागत बसत नाही.

त्यांच्या पत्नी शिवलीलाबाई चाळीस वर्षांच्या संसारात शहाण्या झाल्या होत्या. त्या बातमी सांगतानाच सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. "टेंभुर्णीच्या वन्संच्या सुनेला मुलगी झाली. वन्संनीच सांगितलं. फोनवर. त्या स्वतः दवाखान्यात होत्या. आता चहा घ्या."

मास्तर मूळचे नातेपुत्याचे. सोलापुरात एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर माणसं जे करतात त्यातलं काहीच त्यांनी केलं नाही. बागेत फिरायला गेले नाहीत, नातवंडांना गोष्टी सांगितल्या नाहीत. गोष्टी सांगायच्या म्हणजे पुन्हा आधार कशाचा, हा प्रश्न आलाच. त्याऐवजी ते संगणक शिकले, मराठी टंकलेखन शिकले, आणि वर्डमध्ये तळटीप घालता येते हे कळलं तेव्हा तर त्यांना नवी नवरी घरात आल्यासारखा आनंद झाला. वाक्याच्या शेवटी बारीक आकडा पडतो, पानाच्या तळाशी तोच आकडा उमटतो, आणि त्यापुढे सांगायचं, हे कुणी म्हटलं, कुठं म्हटलं. मधे नवी टीप घातली तर पुढचे आकडे आपोआप सरकतात. "हा माणूस शिस्तीचा आहे," मास्तर त्या प्रोग्रामबद्दल म्हणत.

एवढ्या शिस्तीनं त्यांनी काही वर्षं खपून एक लेख लिहिला. विषय होता चंद्रमौळी मिलमधल्या कामकरी बायका. ही गिरणी कधीच बंद पडली. तिच्या जागेत आता गाड्या लागतात, लग्नं लागतात. मालकांच्या घराण्यानं एकेकाळी काढलेला जाडजूड गौरवग्रंथ मात्र अजून रद्दीच्या दुकानात भेटतो, आणि गिरणीबद्दल कुणालाही काही सांगायचं झालं की तो त्या ग्रंथावरूनच सांगतो. त्यात लिहिलंय, की शेठजींच्या कोमल अंतःकरणाला कामकरी मातांचे हाल बघवेनात, म्हणून त्यांनी दयाबुद्धीनं गिरणीत पाळणाघर काढलं.

मास्तरांना हे वाक्य पहिल्यापासून पचत नव्हतं. कोमल अंतःकरण, ठीक आहे, पण कशावरून? हिंडत हिंडत ते केसरबाईंपर्यंत पोहोचले.

केसरबाई बनसोडे नव्वदीला टेकलेल्या. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात आयुष्य गेलेलं. सूत गुंडाळणाऱ्या सांच्यांचा, म्हणजे यंत्रांचा, आवाज इतकी वर्षं ऐकून कान अधू झालेले, पण जीभ शाबूत होती. मास्तरांनी विषय काढला तशा त्या हसल्याच.

"दया? कसली दया, मास्तर? लेकरांना अफू चाटवून कामाला यायच्या बाया. बायांनी सांचे बंद केले हुते. आख्खी पाळी. लेकरांसाटी खोली द्या, तवाच हात लावतो म्हनल्या. तवा खोली झाली."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"मी हुते की तितं. नवी लागले हुते कामाला. कोपऱ्यात हुबी हुते."

"नक्की? ऐकीव नाही?"

"कान गेले माजे, डोळं न्हाय गेलं. सांगते की, कोन कोन हुत्या. भिमा हुती, यल्लव्वा हुती, हुसेनबी..."

पण मास्तरांना पाहिजे ते मिळालं होतं. प्रत्यक्षदर्शी, नाव, वय, खातं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बास, बास. एवढं पुरे. तुमचं नाव छापून येईल बघा, केसरबाई. हे तुम्ही सांगितलं म्हणून."

केसरबाईंनी विचारलं, "खरंच छापतील?"

"माझा शब्द," मास्तर म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दाला पुरावा मागितला, त्यानं हा शब्द काही पुरावा न देता दिला.

लेख झाला. सत्तेचाळीस टिपा झाल्या. त्यातली बाविसावी केसरबाईंची. मास्तरांनी तो एका संशोधन मंडळाच्या वार्षिक अंकासाठी पाठवला. या मंडळाचे संपादक प्राध्यापक उदयसिंह घाडगे. मोठा उमदा माणूस. भेटला की खांद्यावर हात टाकणार, चहा पाजणार, आणि "सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून इतिहास आहे," असं म्हणणार. हे वाक्य ते सगळ्यांना म्हणत. त्यांनी लेख वाचला, "किरकोळ हात फिरवला" असं कळवलं आणि फाइल पुढं भवानी पेठेत धाडून दिली, राजश्री म्याकलकडं.

राजश्रीचं अक्षरजुळणीचं दुकान म्हणजे एक खोली, दोन संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीपलीकडून दिवसभर येणारी मागांची खडखड. लग्नपत्रिका, बँकांचे अहवाल, दहाव्याच्या पत्रिका, देवस्थानांच्या पावत्या, सगळं ती करायची. हात तिचा जलद होता. पण पानं लावायचा तिचा प्रोग्राम जुना होता आणि जुन्याच धाटणीचे फॉन्ट ओळखायचा. आताच्या पद्धतीनं टाइप केलेलं मराठी त्यात थेट टाकलं की नुसते चौकोन दिसत. म्हणून तिची रीत अशी, की आलेल्या फाइलमधला मजकूर सगळा उचलायचा, एका कन्व्हर्टरच्या चौकटीत टाकायचा, बटण दाबायचं. खालच्या चौकटीतून जुन्या फॉन्टचा मजकूर बाहेर पडतो, तो पानात ओतायचा. भवानी पेठेतच काय, अर्ध्या महाराष्ट्रात पुस्तकं अशीच होत होती आणि अजून होतात. कुणाचं काही अडत नाही. मास्तरांचं अडलं.

पहिलं प्रूफ हातात घेऊन मास्तर दुकानातच खुर्चीत बसले. सोळा पानं. पहिल्या पानाच्या तळाशी त्यांनी बघितलं. काही नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी. काही नाही. मग त्यांनी वाक्यांच्या शेवटी आकडे शोधले. एक नाही. वाक्यं सगळी जिथल्या तिथं, ऐटीत उभी, आणि आधाराचं नाव नाही कुठं. मास्तरांना स्वतःचाच लेख गौरवग्रंथासारखा दिसायला लागला.

"राजश्रीताई," ते म्हणाले, "टिपा?"

"कसल्या टिपा, सर?"

"सत्तेचाळीस."

राजश्रीनं मूळ फाइल उघडून बघितलं आणि जीभ चावली. "अय्यो! खाली बारीक अक्षरात होतं की हे. मी तर सगळं सिलेक्ट करून घेतलं होतं. आलंच नाही बघा."

ते येणारच नव्हतं. टीप मजकुरात नसतेच मुळी. मजकुरात असते फक्त खूण, आणि टीप वेगळ्या कप्प्यात. वर्डमधून वर्डमध्ये नेलं तर खुणेला धरून टीप मागं मागं येते. पण कन्व्हर्टरच्या चौकटीत शिरतात नुसती अक्षरं. तिथं खुणेलाच प्रवेश नाही, मग तिला धरून येणारीला कोण विचारतंय? दोघी दारातच राहिल्या आणि आत मजकूर एकटाच हिंडत होता.

"तुम्ही टिपा तेवढ्या वेगळ्या आणून द्या सर, मी शेवटी लावते," राजश्री म्हणाली. "पुस्तकात शेवटी असतात की."

मास्तर घरी गेले. स्वतःच्या फाइलमध्ये तळटिपांच्या जागी जाऊन त्यांनी सगळ्या टिपा उचलल्या, नव्या पानावर उतरवल्या, आकडे हातानं टाकले, एक ते सत्तेचाळीस, आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन हजर झाले. संपादकांकडून आलेली फाइल दुकानात होती, स्वतःची घरात होती. घरची हाताशी होती म्हणून त्यांनी टिपा तिच्यातनं घेतल्या. पुढं जे काही घडलं ते या एका आळसामुळं घडलं, आणि मास्तरांच्या आयुष्यात आळस फार कमी वेळा कामाला आला होता.

दुसरं प्रूफ तयार झालं. या खेपेला टिपा लेखाच्या शेवटी सुबक लागल्या होत्या, आणि मजकुरात आकडेही पडले होते. मास्तरांचा चेहरा खुलला. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली.

गिरणीच्या चिमणीची उंची किती, यावर आकडा पाच. टीप पाच सांगत होती, की माहिती सुईणीकडून मिळाली. बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी होती, यावर आकडा नऊ, आधार, पंचांग. एका संपाच्या वर्णनाच्या शेवटी "तत्रैव" होतं. तत्रैव म्हणजे आदल्या टिपेतलंच, तिथंच बघा. आदल्या टिपेत होती एका हॉटेलच्या उद्घाटनाची पत्रिका.

"हे आकडे कुणी टाकले?"

"मीच की," राजश्री जरा अभिमानानं म्हणाली. "तुमचे परिच्छेद मोजले सर. जवळजवळ तेवढेच निघाले. मग एका परिच्छेदाला एक, असं दिलं. शेवटच्याला दोन दिले, उरला होता म्हणून. बरं दिसतंय की."

दिसत बरंच होतं. मास्तरांना ओरडावंसं वाटलं, पण राजश्रीच्या चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधान इतकं स्वच्छ होतं की त्यांनी प्रूफ नुसतं खाली ठेवलं. शिवाय एक विचार त्यांना बोचत होता. हा अंक असाच छापला असता तर किती जणांना कळलं असतं? संपादकांना नाही. वाचकांना नाही. सुईणीला चिमणीची उंची माहीत असल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता. आयुष्यभर आपण ज्याला खांब समजलो त्याला लोक रांगोळी समजतात, हे त्या माणसाला भर दुपारी पंख्याखाली बसून कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

मग मात्र ते बाह्या सारून बसले.

"आठवणीनं आकडे टाकायचे नाहीत," ते म्हणाले. "मीसुद्धा नाही. मूळ फाइल उघडा. जिथं खूण आहे तिथंच खुणेशेजारी साधी अक्षरं टाइप करायची. अक्षरं तुमच्या चौकटीतून जातात ना?"

"अक्षरं जातात. पण कंस टाकू नका सर, कंसाचं कधी कधी काय तरी भलतंच होतं. इंग्लिश पण नको."

"मग मराठीच टाकू. कुठल्या शब्दात येत नाही असं काहीतरी."

बराच विचार करून त्यांनी "ढढ" ठरवलं. ढढ एक ढढ. ढढ दोन ढढ. राजश्री शोधाच्या खिडकीत तळटिपेची खूण शोधायला लावायची, कर्सर एकेका खुणेवर जाऊन थांबायचा, मास्तर आकडा सांगायचे, ती टाइप करायची. एवढं झालं की मजकूर कन्व्हर्टरमधून काढायचा, पानात ओतायचा, मग एकेक ढढ शोधून काढून तिथं बारीक चढता आकडा ठेवायचा. ढढ शिल्लक राहिला तर डोळ्यांत खुपणार, म्हणजे विसरायची सोय नाही. भिंतीपलीकडं माग खडखडत होते आणि अलीकडं दोन शहाणी माणसं ढढ ढढ करत होती.

"ढढ पंचेचाळीस ढढ," मास्तर म्हणाले.

"ढढ शेहेचाळीस ढढ," राजश्री म्हणाली. मग थांबली. "संपलं, सर."

"एक राहिली असेल. पुन्हा बघा."

पुन्हा बघितलं. शोध फिरून पहिल्या पानावर आला. फाइलमध्ये टिपा शेहेचाळीस, आणि मास्तरांच्या यादीत सत्तेचाळीस.

"मी नाही हं काही काढलं," राजश्री घाईनं म्हणाली. "ही फाइल घाडगे सरांकडनं आली तशीच आहे."

मास्तरांनी यादी घेतली आणि फाइलमधल्या एकेका टिपेचे पहिले शब्द यादीशी ताडून बघायला लागले. एक ते एकवीस जुळल्या. फाइलमधली बाविसावी मात्र यादीतल्या तेविसावीशी जुळत होती. तिथून पुढं सगळ्याच एकेकीनं पुढं सरकलेल्या, कुणीतरी रांगेतून उठून गेल्यावर बाकीच्यांनी निमूट सरकून घ्यावं तशा. उठून कोण गेलं ते बघायला यादी लागत नव्हती. तरी त्यांनी बघितलं. बावीस. "केसरबाई बनसोडे, वाइंडिंग खाते, प्रत्यक्षदर्शी. मुलाखत, सोलापूर."

त्यांनी मजकुरातली ती जागा काढली. "शेठजींनी दयाबुद्धीने पाळणाघर सुरू केले, असे गौरवग्रंथ सांगतो." त्यापुढचं वाक्य त्यांना पाठ होतं: "प्रत्यक्षात वाइंडिंग खात्यातील बायकांनी एक पूर्ण पाळी सांचे बंद ठेवले, तेव्हा हे पाळणाघर झाले." ते वाक्य नव्हतं. थेट पुढचं होतं: "त्याआधी बायका तान्ह्या लेकरांना अफू चाटवून कामावर येत." वाक्य काढलेलं कळतही नव्हतं, इतका मजकूर सरळ जुळला होता. दोन प्रुफं झाली, पण मास्तर दोन्ही वेळा आकड्यांच्याच मागं लागले होते.

हा घाडग्यांचा किरकोळ हात. वाक्य खोडलं, तशी त्यातली खूण गेली, खुणेबरोबर टीप गेली, आणि वर्डमधल्या त्या शिस्तीच्या माणसानं मागचे सगळे आकडे गपचूप नीट लावून ठेवले, डाग न राहू देता. मास्तरांना त्याच्या शिस्तीचं पहिल्यांदाच भय वाटलं. राजश्रीच्या चौकटीत सगळ्या टिपा गळाल्या नसत्या, तर ही एक गळाली हे कदाचित कधीच कळलं नसतं.

"मग आता ही उरलेली काढून टाकू का सर?" राजश्रीनं विचारलं. "म्हणजे नंबर जुळतील."

"नको," मास्तर म्हणाले. एवढंच म्हणाले, पण राजश्रीनं माउसवरचा हात काढून घेतला.

संपादक घाडगे त्यांच्या कॉलेजच्या खोलीत भेटले. खांद्यावर हात पडला, चहा आला.

"जागेचा प्रश्न होता हो, सर," ते म्हणाले. "कुठं तरी कात्री लावावी लागते."

"सोळा पानांत एक वाक्य?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? अंकाला शेठजींच्या नातवांनी हातभार लावलाय. प्रकाशनाला तेच येणार आहेत. चांगला माणूस आहे. आजोबांबद्दल हळवा आहे. आणि सर, एक म्हातारी काय म्हणते..."

"ती काय म्हणते ते मी टिपेत लिहिलंय."

"टिपा कोण वाचतंय, सर?" घाडगे मनापासून हसले.

मास्तरांनी चहा बाजूला ठेवला. हा प्रश्न त्यांना दोन दिवस छळत होता, आणि आता तो दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर त्यांना एकदम हुशारी आली.

"तुमच्या पाहुण्यांनी वाचल्या तर?" ते म्हणाले. "तुमच्या फाइलमधली एकविसावी टीप आहे गौरवग्रंथाची. त्याला धरून बाविसावी. ती माझी जुनी तेविसावी. लेकरांना अफू चाटवत होत्या, त्या वाक्याची. त्या टिपेत मी काय लिहिलंय माहीत आहे? तत्रैव."

"मग?"

"तत्रैव म्हणजे आदल्या टिपेतलंच. माझ्या लेखात आदली टीप केसरबाईंची होती. तुमच्या लेखात ती गौरवग्रंथाची झाली. म्हणजे तुमच्या अंकात असं छापून येतंय, की शेठजींच्या गिरणीत तान्ह्या लेकरांना अफू मिळत होती, आणि हे शेठजींच्या घराण्यानं स्वतः लिहून ठेवलंय."

घाडग्यांनी फाइल उघडली. आधी वरचं वाक्य वाचलं, मग तळाकडं गेले, मग पुन्हा वर. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते टीप वाचत होते, आणि फार लक्ष देऊन वाचत होते.

"मग तत्रैव काढून तिथं म्हातारीचं नाव घालू," ते म्हणाले.

"म्हणजे अफूला केसरबाई साक्षीदार, आणि पाळी बंद पाडल्याला कुणीच नाही. बायकांनी लेकरांना अफू दिली एवढं छापायचं, आणि त्याच बायकांनी पुढं काय केलं ते गाळायचं. नको. वाक्य परत घाला, नाहीतर लेख मला परत द्या."

"सर, असं काय करता? मुखपृष्ठ छापून झालंय. मागच्या बाजूला अनुक्रमणिका आहे. तुमचं नाव, लेखाचं नाव, पान नंबर..."

"मग सोळा पानं कोरी सोडा. वर माझं नाव राहू दे."

घाडग्यांनी डोक्याला हात लावला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. सगळ्यांना खूश ठेवायचं, एवढाच त्यांचा दोष होता, आणि त्या दोषाचं सोलापुरात कौतुकच होतं. शेवटी वाक्य परत आलं. सत्यासाठी आलं असं म्हणायला मला आवडलं असतं. ते आलं अनुक्रमणिकेसाठी, मुखपृष्ठ पुन्हा छापायचा खर्च नको म्हणून.

राजश्रीनं वाक्य घातलं, त्याच्या शेजारी ढढ बावीस ढढ घातला, पुढचे सगळे ढढ एकेकानं वाढवले. मग मजकूर पुन्हा चौकटीतून काढला, ढढ मोजून आकडे बसवले. मास्तरांनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाक्य वाचलं, मागं जाऊन टीप वाचली, आणि हे वाक्य त्या टिपेतल्या माणसानं खरंच सांगितलंय का ते स्वतःला विचारलं. तत्रैव सगळे काढून तिथं पूर्ण नावं लिहिली. पुन्हा कुणी उठून गेलं तरी शेजाऱ्यावर आळ येऊ नये म्हणून.

प्रकाशन झालं. शेठजींच्या नातवांनी आजोबांच्या कोमल अंतःकरणाबद्दल भाषण केलं, अंक डोक्याला लावला आणि न उघडता गाडीत ठेवला. घाडग्यांनी व्यासपीठावरून मास्तरांकडं बघून डोळे मिचकावले. टिपा कोण वाचतंय.

दुसऱ्या दिवशी मास्तर अंक घेऊन केसरबाईंच्या घरी गेले. आयुष्यात एवढ्या टिपा लिहिल्या, पण टीप जिची तिला नेऊन दाखवायचा हा पहिलाच प्रसंग. केसरबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी अंकावरून हात फिरवला, वास घेतला.

"कुटं हाय?"

मास्तरांनी पान काढलं. मोठ्यानं, त्यांच्या कानाशी वाचलं, "प्रत्यक्षात वाइंडिंग खात्यातील बायकांनी एक पूर्ण पाळी सांचे बंद ठेवले, तेव्हा हे पाळणाघर झाले." मग पानं उलटून शेवटी गेले आणि बोट ठेवून वाचलं, "बावीस. केसरबाई बनसोडे, वाइंडिंग खाते, प्रत्यक्षदर्शी."

केसरबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते थोडा वेळ राहिलं. मग त्या पुढं ऐकायला थांबल्या.

"आन् भिमा?"

"भिमा?"

"भिमा. यल्लव्वा. हुसेनबी. नरसम्मा. त्येंची कुटं हायत?"

मास्तर समजावून सांगायला लागले. टीप म्हणजे, केसरबाई, हे कुणी सांगितलं ते लिहायचं असतं. ज्यानं सांगितलं त्याचं नाव. अशी पद्धत आहे.

केसरबाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"मी निस्तं सांगितलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी तर कोपऱ्यात हुबी हुते. भ्याले हुते. सांचं बंद केलं ते भिमानं. पैला हात तिचा. पगार तिचा कापला, म्हैनाभर घरी बसवली. आन् माजं लेकरू त्या खोलीत वाडलं. माजंच नाव का मग?"

मास्तरांना ती दुपार आठवली, केसरबाई बोटांवर मोजत नावं घेत होत्या ती, आणि पेनाला टोपण लावताना आलेला तो टक् आवाज. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, कुणी सांगितलं. कुणी केलं, हे विचारायचं राहून गेलं होतं. गौरवग्रंथानंही ते विचारलं नव्हतं. सोळा पानांत, सत्तेचाळीस आधार देऊन, ते वाक्य नुसतं "बायकांनी" म्हणत होतं. मास्तरांना लाज वाटली, आणि ती त्यांच्या तोंडावर दिसली.

त्यांनी खिशातून पेन काढलं, अंक मांडीवर घेतला. छापलेल्या वाक्यात "बायकांनी" या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक फुली केली, आणि तळाशी कोऱ्या जागेत तशीच एक.

"आता कोन वाचनार व्हय ते?" केसरबाईंनी विचारलं.

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. "सांगा तुम्ही. सावकाश."

केसरबाई सावरून बसल्या.

"भिमा," त्या म्हणाल्या. "पैली भिमा लिवा."

मास्तरांनी लिहिलं. कशावरून, असं काही त्यांनी विचारलं नाही.